सॅलरी अकाउंट आणि नोकरी बदलल्यावर त्याचं काय होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याजवळच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या एका बँक शाखेत अकाउंट ओपनिंगच्या डेस्कवर बसते, त्यामुळे कंपन्यांमधली मुलं-मुली, सुपरवायझर, ऑफिसवाले सगळे आमच्याकडेच येतात. खातं उघडताना कोणी काही विचारत नाही, सही करतात आणि जातात, प्रश्न येतात ते नोकरी सोडल्यावर सहा-आठ महिन्यांनी, जेव्हा खात्यातून पैसे कापले गेलेले असतात. हेच प्रश्न आधी विचारले तर पैसे वाचतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय.

सॅलरी अकाउंट आणि साधं सेव्हिंग अकाउंट यात नेमका फरक काय?

खातं म्हणून बघाल तर काहीच नाही, दोन्ही सेव्हिंग खातीच, व्याज तेच, नंबर तसाच, पासबुक तसंच. फरक असतो तो बँकेच्या सिस्टीममध्ये. तुमच्या कंपनीचा आणि बँकेचा करार झालेला असतो, त्या कंपनीला एक कोड असतो आणि तुमचं खातं त्या कोडला जोडलेलं असतं, शिवाय खात्याचा प्रकार म्हणून "सॅलरी" अशी वेगळी स्कीम लावलेली असते. मिनिमम बॅलन्स नाही, डेबिट कार्डाची वार्षिक फी नाही, अपघात विमा, लॉकरच्या भाड्यात सूट, हे सगळं त्या स्कीमला मिळतं. तुम्हाला व्यक्ती म्हणून मिळत नाही आणि त्या खाते नंबरलाही मिळत नाही, हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढची सगळी उत्तरं आपोआप कळतात, कारण स्कीम बदलली की फायदे गेले, नंबर मात्र तोच राहतो आणि म्हणूनच लोकांना कळत नाही की काहीतरी बदललंय.

तुमचं खातं आत्ता कुठल्या स्कीममध्ये आहे हे बघायचं असेल तर नेट बँकिंगमध्ये किंवा ॲपमध्ये खात्याच्या डिटेल्समध्ये जा, बहुतेक बँकांमध्ये तिथे खात्याचा प्रकार लिहिलेला असतो, नाव प्रत्येक बँकेचं वेगळं पण त्यात सॅलरी हा शब्द कुठेतरी असतोच. नाही सापडलं तर शाखेत विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

फायद्यांची यादी खूप मोठी देतात, त्यातलं खरंच कामाचं काय?

माझ्या मते तीनच गोष्टी. पहिली म्हणजे झिरो बॅलन्स, कारण महिनाअखेरीला खातं रिकामं झालं तरी दंड नाही. दुसरी म्हणजे अपघात विमा, जो फुकट असतो आणि रक्कम बरीच मोठी असू शकते, पगाराच्या स्लॅबप्रमाणे काही लाखांपासून पुढे, पण याबद्दल घरच्यांना माहीतच नसतं. तिसरी म्हणजे कर्ज घेताना होणारी सोय, पगार दर महिन्याला बँकेला दिसत असतो त्यामुळे पर्सनल लोन लवकर होतं, प्रोसेसिंग फीमध्ये सूट मिळते, काही बँका पगाराच्या दोन-तीन पट ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसलेले पैसेही ठरावीक मर्यादेपर्यंत व्याजाने वापरायची सोय, देतात. बाकी विमानतळावरचं लाउंज, शॉपिंगची कुपनं, सिनेमाची तिकिटं वगैरे असलं तर असलं, त्यावरून बँक निवडू नका.

मी नोकरी सोडली हे बँकेला कोण सांगतं? एचआर कळवतं का?

एचआरने कळवलं तर लगेच कळतं, काही कंपन्या राजीनामा झालेल्यांची यादी बँकेला पाठवतात पण बऱ्याच पाठवत नाहीत. बँकेला कळतं ते पगार यायचा थांबल्यामुळे. दर महिन्याला कंपनीकडून पगाराची फाईल येते, त्यात तुमचं नाव नसलं की सिस्टीम नोंद घेते आणि बऱ्याच बँकांमध्ये सलग ३ महिने पगार जमा झाला नाही की खातं साध्या सेव्हिंगमध्ये बदललं जातं. यासाठी कोणी माणूस बसून निर्णय घेत नाही, ते सिस्टीमच करते, म्हणून "मॅडम मला विचारलं का नाही" याचं उत्तर आमच्याकडेही नसतं, ती अट खातं उघडताना सही केलेल्या कागदात लिहिलेली असते.

बदल झाल्यावर एसएमएस किंवा ईमेल येतो. तो येतोच, पण कुठे येतो? बऱ्याच जणांनी खातं उघडताना कंपनीचा ईमेल दिलेला असतो आणि तो तर शेवटच्या दिवशी बंद झालेला असतो, काहींनी कंपनीचं सिमकार्ड नंबर म्हणून दिलेलं असतं. नोकरी सोडायच्या आधी हे दोन्ही बदलून घ्या, कारण पुढच्या सगळ्या नोटिसा त्याच पत्त्यावर जाणार आहेत.

तीन महिने मोजायचे कुठून?

शेवटचा पगार जमा झाला त्यानंतरचे महिने. समजा ३० जूनला शेवटचा पगार आला, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर कोरडे गेले, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला खातं बदललेलं दिसेल. फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सोडल्यावर कंपनी करते त्या शेवटच्या हिशोबाची रक्कम मध्येच ऑगस्टमध्ये आली तर ती पगार म्हणून मोजली जाते की नाही हे कंपनीने ती कशी पाठवली त्यावर असतं, सॅलरी फाईलमधून आली तर मोजली जाते, साध्या एनईएफटीने किंवा चेकने आली तर शक्यतो नाही, तेव्हा त्यावर विसंबून राहू नका आणि शेवटच्या नियमित पगारापासूनच मोजा. काही बँकांचा नियम थोडा वेगळा असू शकतो, तो त्या बँकेच्या सॅलरी अकाउंटच्या अटींमध्ये दिलेला असतो.

मग दर महिन्याला मीच दुसऱ्या खात्यातून पगाराएवढी रक्कम टाकली तर चालेल का?

नाही चालत. हे खूप जण करून बघतात, दुसऱ्या खात्यातून चाळीस हजार पाठवतात आणि दोन दिवसांनी काढतात, पण बँक रक्कम बघत नाही तर ती कुठून आली ते बघते. तुमच्या स्वतःच्या नावाने आलेली रक्कम किंवा वडिलांनी पाठवलेली रक्कम ही पगार होत नाही. कंपनीच्या कोडवरून किंवा पगार असा शिक्का असलेल्या व्यवहारातूनच ती यावी लागते.

खातं साधं सेव्हिंग झालं तर दंड किती आणि तो मोजतात कसा?

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात.

मिनिमम बॅलन्स म्हणजे रोज तेवढे पैसे असलेच पाहिजेत असं नसतं, तो सरासरी बॅलन्स असतो. महिन्याच्या प्रत्येक दिवशी रात्री खात्यात किती शिल्लक होती ते सगळं मिळवायचं आणि दिवसांच्या संख्येने भागायचं, काही बँका तिमाहीने मोजतात पण पद्धत तीच. मोठ्या खासगी बँकांच्या शहरातल्या शाखांमध्ये ही सरासरी साधारण दहा हजारांपासून पुढे ठेवावी लागते, गावाकडच्या शाखेत कमी असते.

आता वरचंच उदाहरण घेऊ. चाकणच्या कंपनीत काम करणारा एक मुलगा, जूनमध्ये नोकरी सोडली, नवीन कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढलं, जुन्या खात्यात २,४०० रुपये राहिले आणि तो विसरून गेला. ऑक्टोबरमध्ये खातं साधं सेव्हिंग झालं, अट १०,००० ची, सरासरी पडली २,४००. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा एसएमएस आला की शिल्लक कमी आहे, महिन्याभरात भरा नाहीतर दंड लागेल. हा एसएमएस बँकेची मेहेरबानी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला, आधी कळवायचं, एक महिना द्यायचा आणि मगच दंड, शिवाय दंड जेवढी रक्कम कमी पडली त्याच्या प्रमाणातच घ्यायचा, सरसकट एकच आकडा लावायचा नाही.

त्याने काहीच केलं नाही असं धरू. नोव्हेंबरची सरासरीही २,४००, म्हणजे कमी पडले ७,६००. त्या बँकेचा दर तुटीच्या ६ टक्के असेल तर दंड ४५६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८२ रुपये, एकूण ५३८. डिसेंबरमध्ये शिल्लक १,८६२, आता तूट वाढली ८,१३८, दंडही वाढला, आणि असं करत करत फेब्रुवारी-मार्चपर्यंत खातं शून्याला टेकतं. २,४०० रुपयांचं काय झालं म्हणून लोक पासबुक घेऊन येतात तेव्हा मी हाच हिशोब मागच्या बाजूला पेनाने लिहून दाखवते.

आता समजा त्याला एसएमएस दिसला २३ तारखेला आणि २४ तारखेला त्याने दहा हजार भरले. त्याला वाटतं झालं काम, खात्यात १२,४०० आहेत. पण सरासरी बघा, पहिले २३ दिवस २,४०० होते त्याचे झाले ५५,२००, शेवटचे ७ दिवस १२,४०० होते त्याचे झाले ८६,८००, बेरीज १,४२,०००, भागिले ३०, म्हणजे सरासरी फक्त ४,७३३. तरीही ५,२६७ कमी पडले आणि ३१६ अधिक जीएसटी मिळून ३७३ रुपये दंड लागला. महिन्याची बेरीज तीन लाख व्हायला हवी असेल तर शेवटचे सात दिवस खात्यात जवळपास ३५,००० असायला हवे होते. तेच पैसे महिन्याच्या एक तारखेला भरले असते तर १०,००० मध्ये काम झालं असतं. म्हणून महिना अर्धा उलटून गेल्यावर भरायचे असतील तर आधी भागाकार करा, मग भरा.

खात्यात काहीच नाहीये, मग दंड लागून बॅलन्स मायनसमध्ये जाईल का?

नाही. फक्त मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाऊ द्यायचं नाही असं त्याच २०१४ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय. पण एक गोष्ट होते, काही बँका न वसूल झालेला दंड येणे म्हणून लावून ठेवतात आणि पुढे कधी त्या खात्यात पैसे आले, अगदी इन्कम टॅक्सचा रिफंड जरी आला तरी त्यातून कापून घेतात. म्हणून शून्य बॅलन्सचं खातं म्हणजे निर्धास्त असं समजू नका. स्टेटमेंटमध्ये किंवा ॲपमध्ये "लिएन" म्हणून बँकेने अडवून ठेवलेली काही रक्कम दिसत असेल तर शाखेत जाऊन ती कशाची ते लेखी विचारा.

माझं खातं सरकारी बँकेत आहे, मला पण हे सगळं लागू आहे का?

दंडाचा भाग बऱ्यापैकी नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सेव्हिंग खात्यांची मिनिमम बॅलन्सची अट काढून टाकली आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही साध्या सेव्हिंगवरचा दंड बंद केला, प्रीमियम प्रकारच्या खात्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात ते तेवढं बघा. पण बाकीचे फायदे, विमा, कार्डाची फी, लॉकरची सूट हे तिथेही जातातच. आणि खरं सांगायचं तर सरकारी बँकेतल्या लोकांचंच याकडे जास्त दुर्लक्ष होतं, कारण दंड लागत नाही त्यामुळे खातं बदललंय हे कळायला काही मार्गच राहत नाही, आणि विमा गेलाय हे तर कोणालाच कळत नाही.

विम्याचं नीट सांगा, नोकरी सोडल्यावर तो कधी संपतो?

सॅलरी अकाउंटवरचा अपघात विमा हा ग्रुप पॉलिसी असतो, पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि तुम्ही त्यात खातेदार म्हणून मोडता. तुमच्या हातात स्वतःची पॉलिसी नसते. क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनी आधी दोन गोष्टी बघते, अपघाताच्या दिवशी खातं सॅलरी स्कीममध्ये होतं का आणि आधीच्या ठरावीक काळात पगार जमा झाला होता का. काही पॅकेजमध्ये तिसरी अट असते, डेबिट कार्ड मागच्या ठरावीक दिवसांत वापरलेलं असलं पाहिजे, आणि आता सगळे यूपीआय करतात त्यामुळे कार्ड महिनोनमहिने कपाटात पडलेलं असतं. तेव्हा आत्ता ज्यांचा पगार चालू आहे त्यांनीही ही अट वाचा आणि लागत असेल तर महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर तरी कार्ड स्वाइप करा.

नोकरी बदलताना मधल्या काळात हे कव्हर कमजोर असतं, तीन महिने पूर्ण व्हायच्या आधीसुद्धा, कारण खात्याची स्कीम बदललेली नसली तरी "पगार जमा झालेला असला पाहिजे" ही अट मोडलेली असू शकते. कंपनीचा मेडिक्लेम तर शेवटच्या दिवशीच संपतो. दोन नोकऱ्यांमध्ये गॅप असेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू ठेवा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. आणि इथेच एक गंमत नाही तर अडचण आहे, ही योजना १ जून ते ३१ मे अशी चालते आणि हप्ता मे अखेरीला खात्यातून आपोआप कापला जातो, बऱ्याच जणांनी ती जुन्या सॅलरी खात्यावर लावलेली असते. ते खातं शून्यावर असेल तर २० रुपयांवाचून कव्हर जातं. जीवन ज्योतीचा हप्ता ४३६ आहे, त्याचंही तसंच. जुन्या खात्यावर या योजना असतील तर मे महिन्यात तिथे पाचशे रुपये ठेवा किंवा नवीन खात्यावर नव्याने अर्ज करा, पण आधी नवीन चालू झाल्याचं बघा आणि मगच जुनी बंद करा.

नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या. पंचविशीत खातं उघडताना आईचं नाव घातलेलं असतं, नंतर लग्न होतं, मुलं होतात, आणि कोणी बदलत नाही. आणि घरी सांगून ठेवा की या खात्यावर विमा आहे, कारण क्लेमसाठी कळवायला ठरावीक दिवसांची मुदत असते आणि माहीतच नसेल तर मुदत निघून जाते.

माझं कर्ज आणि ओव्हरड्राफ्ट त्याच बँकेत आहे, पगार दुसरीकडे गेला तर?

कर्ज आहे तसं चालू राहतं, खातं बदललं म्हणून कोणी कर्ज परत मागत नाही. फक्त व्याजदरात सॅलरी खात्याची सूट घेतली असेल तर सँक्शन लेटर काढून बघा, काही लेटरमध्ये लिहिलेलं असतं की पगार या बँकेतून गेला तर सूट काढून घेतली जाईल. पाव-अर्धा टक्का वाटतो छोटा पण वीस वर्षांच्या होम लोनवर तो छोटा राहत नाही.

ओव्हरड्राफ्टचं मात्र वेगळं आहे. तो पगाराच्या भरवशावरच दिलेला असतो, पगार थांबला की लिमिट गोठवतात किंवा कमी करतात आणि वापरलेली रक्कम भरायला सांगतात. नोकरी सोडायचं ठरलं की शेवटच्या दोन-तीन पगारांतून आधी ओव्हरड्राफ्ट फेडा, बाकीचं नंतर.

ईएमआयचा हप्ता जुन्या खात्यातून ऑटो कटतोय आणि पगार नवीन खात्यात येतोय अशी परिस्थिती जवळपास प्रत्येकाची होते. नवीन खात्यावर मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, लावून ते चालू व्हायला काही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा निदान एक-दोन हप्त्यांचे पैसे जुन्या खात्यात ठेवावेच लागतात. हप्ता परत गेला तर तुमची बँक चार्ज लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा लावते, सिबिलवर दिसतं ते वेगळंच, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा २००७ च्या कलम २५ प्रमाणे पैशांअभावी परत गेलेला ऑटो डेबिट हा चेक बाऊन्ससारखाच गुन्हा धरला जाऊ शकतो.

बायकोचं आणि आईचं पण झिरो बॅलन्स खातं माझ्या सॅलरी अकाउंटवर काढलं होतं, त्याचं काय?

फॅमिली अकाउंट म्हणून काढलं असेल तर तेही जातं. ती खाती तुमच्या सॅलरी खात्याला टॅग केलेली असतात, मुख्य खात्याची स्कीम गेली की त्यांचीही सवलत जाते. मला हा प्रश्न सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या खात्यावरचे मेसेज तरी तुम्ही बघता, आईच्या खात्यात मात्र तिने साठवलेले दोन-चार हजार असतात, मेसेज इंग्रजीत येतात आणि ती वाचत नाही. अशा वेळी आईचं खातं बेसिक सेव्हिंग खात्यात बदलून घ्या, बीएसबीडीए म्हणतात त्याला, प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं आणि त्याला मिनिमम बॅलन्सची अटच नसते. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही आणि फुकट पैसे काढायच्या वेळा मर्यादित असतात. महिन्यातून दोनदा पैसे काढणाऱ्या माणसाला ते पुरून उरतं. तुमच्या स्वतःच्या जुन्या खात्यालाही हा मार्ग आहे.

नवीन कंपनीला माझं जुनंच खातं दिलं तर चालत नाही का?

बऱ्याचदा चालतं, फक्त जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या टेबलावर दुसऱ्या बँकेचा माणूस बसलेला असतो आणि आपण विचार न करता सही करतो. जॉइन व्हायच्या आधी एचआरला विचारा की कुठल्या बँकांमध्ये पगार टाकता, काही कंपन्या कुठल्याही खात्यात टाकतात, काही दोन-तीन बँकांपैकी एक निवडायला सांगतात.

तुमची जुनी बँक त्यात असेल तर नुसता कॅन्सल्ड चेक देऊन थांबू नका. पगार येईल, पण खातं अजून जुन्या कंपनीच्या कोडलाच जोडलेलं असेल किंवा साधं सेव्हिंग झालेलं असेल. शाखेत अर्ज द्या, सोबत नवीन कंपनीचं ऑफर लेटर किंवा ओळखपत्र आणि पहिली पेस्लिप, आणि सांगा की एम्प्लॉयर बदलून घ्या. पुढच्या महिन्यात ॲपमध्ये खात्याचा प्रकार बदलला का ते बघा. नवीन कंपनीचा त्या बँकेशी करारच नसेल तर मात्र पगार तिथे आला तरी सॅलरीचे फायदे मिळतीलच असं नाही, हे आधीच विचारून घ्या.

जुनं खातं बंद करावं का ठेवावं?

ते खातं पुढे वापरणार नसाल तर बंद करा, पण घाईत नको. आधी फुल अँड फायनल जमा होऊ द्या, त्याला एक-दीड महिना जातो आणि ते जुन्याच खात्यात येतं. मग मागच्या एका वर्षाचं स्टेटमेंट डाउनलोड करा आणि एकेक ओळ बघत काय काय कटतं, काय काय जमा होतं ते वहीत लिहा. वर्षाचंच का, तर इन्शुरन्सचा हप्ता, डिमॅटची फी, शेअरचा डिव्हिडंड या वर्षातून एकदाच दिसणाऱ्या गोष्टी असतात आणि तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये त्या सापडत नाहीत.

त्या वहीतल्या प्रत्येक ओळीला नवीन खातं द्यायचं. एसआयपीचा मँडेट, डिमॅटला जोडलेलं खातं, गॅसची सबसिडी, घरमालकाला दिलेले पुढच्या तारखेचे चेक. पीएफच्या पोर्टलवर केवायसीमध्ये बँक खातं बदला, नाहीतर उद्या पैसे काढायची वेळ आली की क्लेम बंद खात्यावर जाऊन परत येईल. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर नवीन खातं व्हॅलिडेट करून रिफंडसाठी तेच निवडा. हे सगळं झालं की एक महिना थांबा, जुन्या खात्यात एकही व्यवहार आला नाही तर शाखेत फॉर्म भरा, उरलेले चेक आणि कार्ड परत द्या आणि शिल्लक नवीन खात्यात घ्या. खातं उघडून एक वर्ष झालं असेल तर बहुतेक बँका बंद करायचे पैसे घेत नाहीत, त्याच्या आत बंद केलं तर काही शे रुपये लागू शकतात. आणि शेवटचं स्टेटमेंट पीडीएफ करून ठेवा, खातं बंद झालं की नेट बँकिंग बंद होतं आणि रिटर्न भरताना त्या वर्षातलं बंद खात्याचं व्याजही दाखवावं लागतं.

आणि काहीच केलं नाही, तसंच सोडून दिलं तर?

दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही तर खातं इनऑपरेटिव्ह होतं. बँकेने टाकलेलं व्याज किंवा कापलेला चार्ज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. इनऑपरेटिव्ह झाल्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही, व्याज मात्र मिळत राहतं आणि परत चालू करायला पैसे लागत नाहीत, फक्त केवायसी द्यावं लागतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, तिथूनही ती बँकेमार्फत परत मागता येते. पण दंड लागतो तो पहिल्या दोन वर्षांतच, त्यामुळे सोडून देणं हा काही स्वस्त मार्ग नाही.

मला नोटीस आलीच नव्हती आणि दंड कापला, परत मिळेल का?

मागितलं तर बऱ्याचदा मिळतं. शाखेत तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या किंवा बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर लिहा, त्यात नेमकी मागणी करा की कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवर नोटीस पाठवली ते दाखवा आणि खातं साध्या सेव्हिंगमध्ये कधी बदललं ती तारीख द्या. तक्रार नंबर घ्या. या दोन तारखा समोर आल्या की चूक कुठे झाली ते दिसतं, महिनाभराची मुदत न देता दंड लावला असेल तर शाखेलाही तो परत करणंच सोपं पडतं. मोबाईल नंबर जुना होता म्हणून मेसेज पोचला नाही असं निघालं तर मात्र बाजू कमजोर पडते, तरी पहिल्यांदाच असेल तर विनंती करून बघा, मॅनेजरच्या अधिकारात काही रक्कम परत करता येते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. बँकेला आधी केलेल्या तक्रारीची कॉपी आणि तिचा नंबर जोडायला विसरू नका, तो नसेल तर तक्रार पहिल्याच पायरीवर परत येते.